पंधरावा निरोप

जहाजावरच्या माणसाला निरोप लिहायचा असला की आमच्या घरात मला हाक मारतात. माझा धाकटा भाऊ मालवाहू जहाजावर तिसरा इंजिनिअर आहे. लहानपणी तो रडायला लागला की अख्खी गल्ली जागी व्हायची, म्हणून त्याचं घरातलं नाव भोंगा. आता तोच भोंगा महिनोन्महिने समुद्रावर असतो आणि त्याचा आवाज ऐकायला आम्ही तरसतो.

भर समुद्रात फोन लागत नाही. जहाजावर एक तबकडी असते, तिला उपग्रह दिसला तर ईमेल येते. तबकडी आणि उपग्रह यांच्या मधे जहाजाचंच धुराडं आलं की संपर्क तुटतो, मग जहाज वळेपर्यंत वाट बघायची. ईमेलसुद्धा सारखी येत नाही, दिवसातून काही वेळा गठ्ठ्याने ओढून घेतात. फोटो तर गाळूनच टाकतात. एखादं पत्र लांबलचक असलं तर ते मधेच अडकतं आणि मागची सगळी त्याच्यामागे खोळंबतात. आणि आमचं घर तर नमनाला घडाभर तेल घालणारं! आईला त्याचं जेवण विचारायचं असतं, बाबांना शेजाऱ्यांच्या मांजरीची बाळंतपणं कळवायची असतात. मी छापखान्यात मुद्रितं तपासते, दुसऱ्यांची वाक्यं छाटणं हाच माझा धंदा. तेव्हा कात्री माझ्या हातात आली.

नियम मीच केले. आधी निरोपाचा क्रमांक, म्हणजे मधला एखादा हरवला तर त्याला लगेच कळावं. मग ‘सगळे ठीक’ हे दोन शब्द, कारण उरलेला मजकूर तुटला तरी तेवढे पोचले पाहिजेत. मग सगळ्यांत मोठी बातमी. अर्धवट बातमी कधीही द्यायची नाही. ‘आईला दवाखान्यात नेलंय’ एवढंच वाचून पुढचा निरोप येईपर्यंत त्या माणसाने तिकडे काय करायचं? आणि शेवटी ‘उत्तर नको’, नाहीतर स्वतःच्या वाट्याचं थोडंसं इंटरनेट तो उत्तरातच संपवतो. तो फक्त ‘अमुक क्रमांक मिळाला’ असं कळवायचा. चौदापर्यंत सगळे मिळाले होते.

मग भावजयीचे दिवस भरायच्या आधीच तिला त्रास सुरू झाला. दुपारी तिला ऑपरेशनला आत घेतलं. बाहेर एवढं दाट धुकं होतं की दवाखान्याच्या खिडक्यांतून समोरचा रस्तासुद्धा दिसत नव्हता.

“अगं, त्याला कळव की!” आई बाकावर बसून दर थोड्या वेळाने म्हणत होती.

“काय कळवू? आत घेतलंय म्हणून? आई, तो तिकडे वेडा होईल.”

“बापाला नको का कळायला?”

“कळेल. पूर्ण कळेल.”

मी ठणकावून बोलले खरी, पण माझीच पाचावर धारण बसली होती. भावजय माझी मैत्रीण आधी आणि भावजय नंतर. तिला काही झालं असतं तर ते दोन शब्द मी कुठल्या तोंडाने लिहिले असते, देव जाणे.

शेवटी दार उघडलं. डॉक्टरीणबाई मास्क काढत हसल्या. मुलगी. दोघी सुखरूप. आतून जो टाहो ऐकू आला, तो ऐकून बाबा म्हणाले, “भोंगाच आला की परत!” आणि आम्ही तिघंही हसता हसता रडलो. जीव भांड्यात पडला.

मी फोन काढला तर सिग्नल नाही. सिस्टर म्हणाल्या, “जुन्या इमारतीत जा. दुसऱ्या मजल्यावरच्या बंद वॉर्डाच्या टोकाला खिडकी आहे, तिथे मिळतो. आम्हीही तिथेच जातो.”

त्या वॉर्डात मोडके पलंग एकावर एक रचून ठेवले होते. फिनेलचा जुना वास होता, आणि जसजशी मी आत गेले तसतसा त्यात दुसरा एक वास मिसळत गेला. ओल्या दोरखंडाचा, खारट. माझ्या चपलांचा आवाज मला नको तेवढा मोठा वाटायला लागला. धुक्यामुळे दिवसाचा उजेडही राखाडी होऊन खिडकीपाशीच थांबला होता.

खिडकीखाली एक म्हातारी बसली होती. अंगाभोवती शाल घट्ट लपेटलेली. मी दचकले, पण ती माझ्याकडे अशी बघत होती की जणू मलाच उशीर झालाय.

“जहाजावर आहे का गं तुझं माणूस?” तिने हळूच विचारलं.

“हो. भाऊ. तुम्हाला कसं कळलं?”

“इथे तेवढ्यासाठीच येतात...” ती म्हणाली. सिस्टरही इथेच येतात हे मला ठाऊक होतं, पण मी वाद घातला नाही. “आधी ‘सगळे ठीक’ लिहितेस ना?”

माझ्या हातावर काटा आला. “लिहिते.”

“मी नव्हतं लिहिलं. मला सगळंच सांगायचं होतं. पानंच्या पानं... मुख्य ते शेवटी राहिलं. गेलंच नाही ते. आणि माझा माणूस इंजिनाकडे खाली उतरला.” तिने शाल आणखी ओढून घेतली. शालीचं टोक ओलं होतं, त्यातून पाणी ठिबकत होतं. “एक आकडा माझ्यासाठी सोडशील?”

“कसला आकडा?”

“तुझ्या निरोपांचा. एकच. लांबण नाही लावणार आता... शिकलेय.”

बिचारीचं डोकं फिरलंय, असं मला वाटलं. आनंदाच्या भरात माणूस उदार होतो. मी म्हटलं, “घ्या की आजी! आकड्याला काय भाडं पडतंय?”

ती हसली. मी खिडकीकडे वळून लिहिलं, ‘सगळे ठीक. मुलगी झाली. आई-लेक सुखरूप. आवाज तुझाच. उत्तर नको.’ वर क्रमांक घातला, पाठवलं, आणि ‘गेलं’ म्हणून मोठ्याने ओरडले. वळून पाहते तर म्हातारी नव्हती. वॉर्डाला बाहेर जायला एकच वाट होती आणि त्या वाटेवर पावलं वाजली नव्हती.

मी पळत जिना उतरले. खाली येऊन पुन्हा एकदा वाचावं म्हणून फोन उघडला आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. क्रमांक सोळा होता. दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा पगार घेणारी मी, चौदानंतर सोळा लिहून मोकळी झाले होते!

इतरांना ही क्षुल्लक चूक वाटेल. पण भोंगा काय समजेल ते मला स्वच्छ दिसत होतं. पंधरावा हरवला. त्यात काय होतं? कोणाचं काय झालं? मी आल्या पावली वर धावले, ‘पंधरा पाठवलाच नाही, माझी चूक’ असं लिहिलं. पण आता खिडकीतही सिग्नल नव्हता. धुकं काचेला चिकटून बसलं होतं. ती दुरुस्ती शेवटी घरी पोचल्यावर रात्री गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीतून फोन आला. “घाबरू नका, सगळे सुखरूप आहेत,” अशी सुरुवात करणाऱ्या माणसाला मी मनातल्या मनात शंभर गुण दिले. इंजिनखोलीत आग लागली होती. विझवली होती. कोणाला खरचटलंही नव्हतं. जहाज स्वतःच्या इंजिनावर बंदराकडे निघालं होतं.

पुढचं सगळं भोंग्याच्या तोंडून कळलं, तो घरी आल्यावर. काय थाटात आला तो! दाराबाहेरूनच ओरडला, आतून लेकीने त्याच्यापेक्षा मोठा सूर लावला, आणि बापाने मुकाट्याने हार मानली. भावजय त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होती. बाबांनी आल्या-गेल्याला दारात थांबवून आगीची गोष्ट सांगितली, आणि दर वेळी ज्वाळा थोड्या उंच केल्या. इतका अभिमान आणि इतका आनंद आमच्या घराने एका वेळी कधी पाहिला नव्हता.

तो म्हणाला, “ताई, पाळीवर जायच्या आधी येणाऱ्याने सगळ्या यंत्रांभोवती एक फेरी मारायची असते. तोवर आधीचा माणूस काचेआडच्या कंट्रोल रूममध्ये थांबतो. मी फेरीलाच निघालो होतो, तेवढ्यात तुझा सोळावा मिळाला. मुलगी झाली म्हणून नाचलो, आणि मग आकडा पाहिला. पंधरा कुठाय?”

“मग?”

“मग काय, पाय खाली जाईनात. खाली कळवलं, उशीर होतोय, आणि गेलो कॅप्टनसाहेबांकडे. म्हटलं, मधला निरोप राहिलाय, एकदा पुन्हा मेल ओढता का? आधी खेकसले. मग विचारलं, पहिलंच मूल का? आणि ओढली त्यांनी. जहाजाचं तोंड तेवढं वळेपर्यंत थांबलो.”

त्याच सुमारास खाली तेलाची एक नळी फुटली होती. तापलेल्या लोखंडावर तेल उडालं आणि पेट घेतला, नेमका त्याच्या फेरीच्या वाटेवर. तिथे त्या वेळी तोच असणार होता, आणि तोच नव्हता. कंट्रोल रूममधल्याने घंटा वाजवली, तेलाचा पुरवठा तोडला, मग सगळ्यांनी हवेच्या वाटा बंद करून आग कोंडून मारली.

मी त्याला मिठी मारली. “माझ्या चुकीने वाचलास रे! आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या चुकीचा अभिमान वाटतोय.”

तो बाजूला झाला. “चूक कसली? तुझी दुरुस्ती दुसऱ्या दिवशी आली, ती बघून मीच चक्रावलो. पंधरावा मिळाला होता की मला. मी निघणारच होतो खाली, साहेब म्हणाले काही नाही आलेलं. आणि तेवढ्यात आला. तुझ्याच पत्त्यावरून.”

“...काय होतं त्यात?”

“‘सगळे ठीक. वर थांब.’ एवढंच. तुझ्यापेक्षाही छोटं.”

माझ्या फोनमध्ये चौदानंतर सोळा आहे. मधे काहीही नाही. मी त्याला ते दाखवलं नाही. लेक त्याच्या मांडीवर होती, आणि जिने तिचा बाप तिला परत दिला, त्या म्हातारीसाठी मी मनातल्या मनात हात जोडले. तिचा निरोप एकदाचा पोचला होता. माझ्या मते हिशोब पुरा झाला.

मागच्या आठवड्यात भोंगा नव्या जहाजावर रुजू झाला. मी पुन्हा एकपासून सुरुवात केली. ‘एक. सगळे ठीक. लेक रांगायला लागली. उत्तर नको.’

दुसरा अजून लिहिलाही नव्हता, आणि आज त्याचं उत्तर आलं.

‘एक आणि दोन मिळाले. वरच थांबलोय. पण किती वेळ, ते लिहिलं नाहीस.’