तीर्थरूप नसलेलं पत्र

पत्र परत आलं ते चार सेकंदांत. ऋजुता कानिटकर प्रतिमन केंद्रात शिरली तेव्हा तिचा पारा चढलेला होता.

हल्ली प्रत्येक टपालपेटीच्या दाराशी मालकाचं प्रतिमन बसलेलं असे. माणसाच्या जुन्या पत्रांवरून घडवलेली त्याच्या मनाची ही नक्कल. आलेलं पत्र आधी ती वाचे, मालकाला त्रास होईलसं वाटलं तर त्याच्याच शब्दांत नकार देऊन परस्पर वाटेला लावे. मालकाला कळतही नसे. शांत झोप लागावी म्हणून लोकांनीच मागून घेतलेली सोय.

भावाच्या लग्नपत्रिकेतून वडिलांनी ऋजुताचं नाव गाळलं, त्याला बारा वर्षं झाली होती. तेव्हापासून अबोला. यंदा तिनं पत्र लिहायला घेतलं. पहिला खर्डा अकरा पानी. त्यात पत्रिका होती, आईचे हाल होते. तिनं सगळं फाडलं, कारण आरोप वाचला की माणूस उत्तर शोधतो, बोलणं शोधत नाही. उरलं ते एवढंच:

‘बाबा, खूप वर्षं झाली. मागचं आज उकरत नाही. तुमच्याशी बोलावंसं वाटतं. रविवारी सकाळी दहाला वीस मिनिटं फोनवर बोलू या का? ते जड वाटलं तर दोन ओळी लिहा. नको असेल तर नाही म्हणा, कारण विचारणार नाही. ऋजुता.’

केंद्रातले शास्त्रज्ञ डॉ. जमीर इनामदार यांनी नकाराची नोंद उघडली. अडलं होतं मायन्यावर. वडिलांच्या जुन्या पत्रव्यवहारात ‘तीर्थरूप’ नसलेलं पत्र न वाचता परत केल्याचं आढळत होतं. तेवढा शब्द घाला, खात्रीसाठी खाली ‘माझं चुकलं’ लिहा, पत्र आत जाईल, असं डॉक्टरांनी सुचवलं.

“माझं चुकलेलं नाही. खोटं बोलून सुरुवात करायची, तर बोलायचं कशाला?” ती संतापून म्हणाली. “ते आता कसे आहेत, हे तुमच्या यंत्राला काय ठाऊक?”

“नाही ठाऊक. त्याला बारा वर्षांपूर्वीचेच वडील माहीत आहेत. नवीन पत्रं आत गेली, तरच प्रतिमन बदलतं.”

“आणि ते आत सोडत नाही. लाज नाही वाटत तुम्हाला?”

डॉक्टरांनी पडदा तिच्याकडे वळवला. ही दुसरी नोंद तिच्याच टपालपेटीची होती. गेल्या पाच वर्षांत वडिलांची तीन पत्रं आली होती. तिच्या प्रतिमनानं तिन्ही परत पाठवली होती.

“मजकूर आम्ही ठेवत नाही,” ते म्हणाले. “तुमचं उत्तर तेवढं आहे.”

उत्तर तिन्ही वेळा एकच होतं. ‘मला वडील नाहीत. ऋजुता.’

हे वाक्य तिनं कधीच लिहिलं नव्हतं. तिनं डॉक्टरांवर ओरडायला तोंड उघडलं, पण हे आपण लिहिलंच नसतं, असं काही तिला म्हणता येईना.