कोरडी फरशी

उद्यापासून तुझी बाळंतिणींच्या वॉर्डात रात्रपाळी लागतेय, म्हणून सांगते. घाबरवायला नाही गं. ऐकून घे, आणि मग हवं तर दिवा चालू ठेवून झोप.

रात्रपाळीवालीचा दिवस दुपारच्या झोपेपासून सुरू होतो. म्हणजे झोपेच्या प्रयत्नापासून. त्या दिवशीही पडदे लावून, उशी कानावर दाबून मी पडले होते. बाहेर माझा नवरा आल्यागेल्या प्रत्येकाला सांगत होता, "हळू बोला, ती झोपलीये." हे तो इतक्या मोठ्यांदा कुजबुजतो की शेजारच्या इमारतीलाही माझ्या झोपेची खबर लागते. शेवटी उठले, डबा भरला, केस बांधले आणि कामावर गेले.

दिवसपाळीच्या सिस्टरनं प्रत्येक खाटेपाशी नेऊन ताबा दिला. कोण कधी मोकळी झाली, टाके कुणाला, कुणाचं बाळ दूध ओढत नाही. खिडकीजवळच्या खाटेवर एक पहिलटकरीण होती. संध्याकाळीच बाळंत झालेली, मुलगी झालेली. वार पूर्ण पडली होती, रक्तस्राव बेताचा, हाताला सलाइनची सुई अजून होती. मी स्वतः पोटावर हात ठेवून पाहिलं. बाळंतपणानंतर गर्भाशय आवळून बेंबीपाशी घट्ट गोळा व्हायला हवं. तसंच लागत होतं, चेंडूसारखं.

"लघवीला मात्र अजून झाली नाहीये," सिस्टर म्हणाली, आणि निघताना पर्स खांद्याला लावत बोलून गेली, "आज अगदी शांत आहे हो वॉर्ड."

आमच्या मावशींनी कपाळाला हात लावला. मावशी म्हणजे वॉर्डच्या आया. अर्धं आयुष्य रात्रीच काढलेल्या. "झालं! शांत म्हणाली. आता बघा."

खरंच, थोड्या वेळात सगळी बाळं एकमेकांना हाका मारल्यासारखी रडायला लागली. माझा चहा टेबलावर गार झाला, मावशींनी गरम केला, पुन्हा गार झाला. मधूनमधून मी पहिलटकरणीकडे जाऊन यायचे. नाडी ठीक, गोळा घट्ट. लघवीसाठी उठवून नेलं, तर ती लाजून म्हणाली, "होतच नाही सिस्टर. कुणी दाराबाहेर उभं असलं की होत नाही." मी लांब गेले, नळ सोडला, गाणंसुद्धा गुणगुणले. गाण्यामुळेच झालं नसेल. तिला परत खाटेवर आणलं आणि ठरवलं, पुढच्या फेरीला नाहीच झाली तर नळी घालायची.

पुढच्या फेरीला गेले तेव्हा वॉर्ड निजला होता. एकच मंद दिवा. जंतुनाशकाचा, दुधाचा, कोमट कपड्यांचा वास. तिच्या उशाशी तिची नणंद बसली होती, बाळाला कुशीत घेऊन. मला बघताच तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"आत्ताच डोळा लागलाय तिचा. जरा वेळानं बघा ना..."

पहिलटकरणीचं पांघरूण गळ्यापर्यंत ओढलेलं. चेहरा शांत. पलीकडे एक बाई दूध साठून छाती दाटली म्हणून कण्हत होती. आधी तिला शेकून यावं, मग हिला बघू, असं मनात आलं आणि मी वळलेसुद्धा.

तेवढ्यात आवाज आला.

टप... टप... टप.

मी थांबले. न्हाणीघरात गेले, नळ घट्ट बंद. हात धुवायचं बेसिन कोरडं. सगळ्या सलाइनच्या बाटल्या बघितल्या. आवाज चालूच. उलट आता जरा भरभर.

"मावशी, काही गळतंय का कुठे?"

मावशींनी कान टवकारले. "मला तर काहीच येत नाही ऐकू... पण तुम्ही अशा का दिसताय?"

मी आवाजाच्या मागे चालत गेले. तो मला परत खिडकीजवळच्या खाटेपाशी घेऊन आला. अगदी खाटेखालून येत होता. वाकून बॅटरी मारली. फरशी लख्ख, कोरडी. मी उठून पांघरुणावर हात ठेवला आणि आवाज तिथेच तुटला.

"सिस्टर, उठवू नका ना," नणंद कुजबुजली.

"ताई, एकच मिनिट."

पांघरूण उचललं. आधी वास आला, गरम लोखंडासारखा. मग दिसलं. पॅड, चादर, खालचं रबरी कापड, सगळं भरलेलं. तिच्या वजनानं गादीत खळगा पडला होता आणि रक्त त्यातच साठलं होतं. खाली एक थेंब पडला नव्हता. पोटावर हात ठेवला, तर मघाचा चेंडू कुठेच नाही. मळलेल्या कणकेसारखं मऊ. भरलेल्या मूत्राशयानं गर्भाशय वर ढकललं होतं, ते आवळायचं थांबलं होतं.

"मावशी, घंटा दाबा! डॉक्टरांना उठवा!"

मी एक हात खाली, ओटीपोटावर आधाराला लावला आणि दुसऱ्यानं वरून गर्भाशय चोळायला लागले. रक्ताच्या गाठी बाहेर आल्या. तिनं डोळे किलकिले केले. "सिस्टर... गार वाटतंय..."

"माझ्याकडे बघ. बोलत राहा माझ्याशी. मुलीचं नाव काय ठेवणार?"

"भांडण चाललंय... त्यावरून..."

"मग तुला राहावंच लागेल. नाहीतर हीच ठेवेल." मी नणंदेकडे मान वळवली. बिचारी रडता रडता हसली.

डॉक्टर धावत आली, तरुण पोरगी, एका पायात चप्पल, एका पायात नाही. पण हात पक्के. दुसऱ्या हातालाही जाड सुई लावली, गर्भाशय आवळायचं औषध सलाइनमधून सुरू केलं, रक्त थांबवणारं इंजेक्शन दिलं, रक्तपेढीला फोन केला. मावशींनी ऑक्सिजन लावला, पाय उंच केले. डॉक्टरनं नळी घातली आणि पिशवी भरभरून लघवी आली. मी चोळतच होते. दंड बधिर झाले होते. डॉक्टर नाडी मोजायला गेली, तर बोटाखाली ती नुसती धावत होती.

"मी करू का?" डॉक्टरनं विचारलं.

"तुम्ही औषधं बघा. मी सोडत नाही."

आणि मग हाताखाली गोळा हळूहळू आवळला. सैल पडला, पुन्हा आवळला, आणि घट्ट राहिला. रक्त कमी झालं. बाळ भुकेनं रडत होतं. मी नणंदेला म्हणाले, "द्या तिच्या छातीशी. बाळ ओढायला लागलं की गर्भाशय आपोआप आवळतं." त्या इवल्याशा पोरीनं स्तन धरला तो सोडायला तयार नाही. आईला वाचवण्याच्या कामात तिचाही हातभार लागला बघ. मावशी कोपऱ्यात डोळे पुसत म्हणाल्या, "आता शांत म्हणा हवं तर."

किती रक्त गेलं ते कळावं म्हणून भिजलेली कापडं वजन करून ठेवली, नाडी, दाब, गोळा पुन्हा पुन्हा बघत राहिले. पहाटेपर्यंत रक्ताची पिशवी चढली, ओठांवर रंग आला. तिनं चहा मागितला. तो चहा मात्र मी गरम प्यायले, तिच्यासोबत.

उजाडल्यावर दुसरी सिस्टर ताबा घ्यायला आली. जुनी, अनुभवी बाई. पहिलटकरीण गाढ झोपली होती. सिस्टरनं पोट उघडं करून तपासलं. "छान घट्ट आहे." मग वाकून निरखलं. "चांगलंच दाबलंत. दाबायला कोणकोण होतं?"

"मी एकटीच."

पोटावर निळसर वळ उठले होते. एक माझ्या उजव्या हाताचा, एक खाली डाव्याचा. मी आपले पंजे जुळवून पाहिले, बरोबर बसले. पण बेंबीच्या वर तिसरा वळ होता. पाचही बोटं स्पष्ट, आणि ती पायांकडे वळलेली. कुणीतरी उशाकडून हात पुढे करून दाबावं तशी. त्या खाटेचं डोकं भिंतीला टेकलेलं आहे गं, मध्ये उभं राहायला बोटभरही जागा नाही.

आम्ही दोघींनी हात मागे घेतले होते. पहिलटकरीण संथ, खोल श्वास घेत होती.

आणि आमच्या डोळ्यांदेखत त्या पाच बोटांखालची कातडी अलगद खाली दबली... आणि तशीच दबलेली राहिली.