इंदुताईंचा शब्दांचा डबा

शब्दांचा डबा रिकामा होता.

इंदुताईंनी झाकण लावून पुन्हा उघडलं. आत बिस्किटांचा चुरा तेवढा होता. कारखान्याच्या वसाहतीत आठ वर्षं घरोघर बसून त्यांनी फारसी-इंग्रजीतून मराठीत आलेले चारशे शब्द जमवले होते. चिठ्ठीवर मूळ शब्द, मराठी रूप आणि कोणाकडून ऐकला त्याचं नाव. रविवारी इंदूरच्या संमेलनात त्यावर निबंध वाचायचा होता. नक्कल एकही नव्हती.

सकाळीच त्यांनी अकारविल्हे क्रम मोडून चिठ्ठ्या नव्यानं लावल्या होत्या. आधी जोडाक्षराला टेकू दिलेले किंवा ते सैल केलेले: स्टेशनचं इस्टेशन, प्लॅटूनची पलटण. मग फ चा प झालेले: दफ्तरचं दप्तर, हफ्त्याचा हप्ता. मग र्द मध्ये ड शिरलेले: पर्द्याचा पडदा, फर्दनवीसचा फडणीस. कुर्सीची खुर्ची कुठेच बसेना. कंटाळून त्यांनी ती पलटणीमागे खुपसली आणि रेशनच्या रांगेला पळाल्या.

त्यांच्याशिवाय घराची किल्ली दोघांकडेच होती. आधी शेजारच्या रजनीला बोलावलं.

"दुपारी आली होतीस?"

"हो मावशी, दोन वाजता दूध ठेवायला. डबा तर तिथेच शेल्फवर होता."

"उघडलास?"

"तुमच्या चिठ्ठ्यांचं मी काय करू? माझी स्वतःची परीक्षा डोक्यावर आहे."

मग मनोहरराव आले. इंदुताईंबरोबर तीस वर्षं एकाच शाळेत शिकवलेले, घरातलेच झालेले.

"तुम्ही डबा पाहिलात?"

"महिनाभर हात लावला नाही, इंदुताई."

"तेव्हा चिठ्ठ्या कशा लावलेल्या होत्या?"

"अकारविल्हे. मीच नाही का सांगितलं होतं?" त्यांनी कागद पुढे ओढला. "धीर सोडू नका. आठवेल तेवढं लिहून काढू. इस्टेशन, पलटण, खुर्ची, दप्तर, हप्ता, पडदा, फडणीस..."

इंदुताईंनी पेनाला टोपण लावलं.

"मनोहरराव, अकारविल्हे लावलं तर इस्टेशनमागे खुर्ची येते आणि हप्ता सगळ्यांच्या शेवटी. तुम्ही म्हणालात तो क्रम आज सकाळी जन्माला आला. शब्द कसे बदलले याचा क्रम कोणी जाणता स्वतः लावेलही. पण पलटणीमागची खुर्ची ही माझी चूक आहे. ती डब्याबाहेर कुठेच नव्हती."

मनोहररावांनी पुढचा कागद बाजूला सारला. मग पिशवीतून चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढून त्यांनी टेबलावर ठेवला. सोबत निबंधाचं पहिलं पान होतं. त्यावर एकच नाव होतं, त्यांचं.

"इंदूरवाल्यांनी मला कधी विचारलंच नाही," ते म्हणाले.

"मला विचारलं असतंत तर दोघांची नावं घातली असती."

इंदुताईंना रडू आलं नाही, नुसता संताप आला. किल्ली मागून घेतल्यावर त्यांनी एक कोरी चिठ्ठी काढली आणि मनोहररावांसमोरच लिहिली.

"दगा. फारसी दग़ा. घशातला ग़ मराठीत साधा झाला, बाकी शब्द जसाच्या तसा. कोणाकडून मिळाला: मनोहरराव."

ती त्यांनी डब्यात सगळ्यात वर ठेवली.