मांडून ठेवलेलं पान

आवतणाचं पोस्टकार्ड तेरा मार्चला आलं. मी तारीख टिपून ठेवतो, ती बातमीदाराची सवय आहे. काळ्या शाईत, मोठ्या ठसठशीत अक्षरांत तीन ओळी होत्या: ‘आपणांस जेवणाचं आवतण आहे. आपल्या सवडीनं यावं. आपण येईपर्यंत पंगत थांबली आहे.’ खाली सोमलिंग अप्पा, चौसाळ्याच्या पुढची डोंगराकडची वस्ती. कोपऱ्यावर हळदीचं बोट उमटलं होतं.

या नावाचा माणूस मला आठवेना. बातम्यांच्या निमित्तानं शेकडो लोक भेटतात, त्यातलेच कोणी असतील असं समजून मी कार्ड टेबलाच्या काचेखाली सारलं आणि विसरलो.

दहा दिवसांनी काचेखालची हळद दिसली. आमचा चौसाळ्याचा वार्ताहर बंकट याला फोन केला.

“तिथं कोन ऱ्हातंय बे?” तो हसला. “वस्ती उठून बारा वरसं झाली. तुला कोन जेवू घालतंय तिथं, माकडं?”

थट्टा असेल, पण पत्राला उत्तर द्यायचं असतं. पॅडवर लिहिलं: रविवारच्या पुरवणीचं काम माझ्याकडं असल्यानं सवड मिळत नाही. पाकीट नव्हतं, म्हणून कागद खणात राहिला. दुसऱ्या दिवशी संपादकांनी बोलावलं. कागद महागल्यामुळं पुरवणी बंद होत होती. माझे रविवार मोकळे झाले.

योगायोग. रोज दहा योगायोग मी एका कॉलमात बसवतो.

पुढच्या आठवड्यात दुसरा कागद लिहिला: मुलीची, सायलीची, परीक्षा तोंडावर आहे, घर सोडता येत नाही. तोही खणातच राहिला. संध्याकाळी सायली नाचत घरात आली. पेपर दीड महिना पुढं गेले होते.

मी खण उघडला. दोन्ही कागद जागेवर होते. कुणी हात लावलेला नव्हता. मात्र खणात हळदीचा वास भरला होता.

सात एप्रिलला सकाळी अकरा वाजता तिसरा कागद घेतला. खरी कारणं संपली होती. आई अठ्ठ्याहत्तरची, ठणठणीत, समोर बसून गवार निवडत होती. मी लिहिलं, ‘घरी आई’. पुढचा शब्द ‘आजारी’ असणार होता.

आईनं पाणी प्यायला उचललेला तांब्या हातातून पडला.

“हाताला काय झालं गं?”

“काय की. एकदम थंड पडला.” ती डाव्या हाताची बोटं मिटून बघत होती. ती मिटत नव्हती.

मी पेन खाली ठेवलं. कागद टराटरा फाडला. थोड्या वेळानं तिनं पुन्हा गवारीची शेंग मोडली, डाव्याच हातानं. मग मी तिला सगळं सांगितलं.

“चोवीस-पंचवीस दिवस?” ती रागावली. “आवतन दिल्यावर पान मांडलेलं असतंय. तू हो म्हन का न्हाई म्हन, त्याबिगर ते उचलता येत न्हाई. अन् लोक उपाशी बसलेत.”

“मी कारण शोधत होतो.”

“कावून? कारन दिलं की ते दूर करतेत. तुज्या बापाला बी एकदा असंच आवतन आलतं. त्यानं म्हनलं बैल न्हाईत, तर पहाटे दारात बैलगाडी हुबी. आवतन हाय ते, कोर्ट न्हाई. चुकलं म्हन, एकदाच. अन् न्हाई म्हन. ‘बघू’ म्हनू नको, ‘पुढच्या बारीला’ तर मुळीच न्हाई.”

पोस्टातून कार्ड आणलं. पंचवीस वर्षांत इतक्या छोट्या मजकुराची बातमी मी लिहिली नव्हती:

‘आपलं आवतण तेरा मार्चला मिळालं. आभारी आहे. उत्तराला फार उशीर झाला, माफ करा. मला येता येणार नाही. माझ्यासाठी थांबू नये.’

दोनदा वाचलं. खोडायला काही नव्हतं. चारचं टपाल निघायच्या आत पेटीत टाकलं.

त्या दिवशी मी पोटभर जेवलो. महिनाभर छातीवर काहीतरी होतं, हे ते गेल्यावर कळलं. आईनं दोन भाकरी थापल्या, डाव्या हातानं परात धरून. खणातला वास गेला. सायली वैतागली, कारण पेपर पुन्हा ठरल्या तारखेलाच होणार होते. मी मात्र तिला पेढा दिला.

सोळा तारखेला उत्तर आलं. कोपऱ्यावर हळद नव्हती.

“काय म्हनतेत?” आईनं आतून विचारलं.

“पत्र पोचलं. पान उचललं. पंगत बसली.”

“बरं झालं बाई. जेवले एकदाचे.”

खाली आणखी एक ओळ होती. ती मी तिला वाचून दाखवली नाही.

‘तिसरं पत्र अर्ध्यावर फाडलंत, बरं केलंत. आईंचंही पान मांडलं होतं, पण तोवर नुसतं मीठच वाढून झालं होतं.’