छत्रीची जबानी

"अबे, हे तर नलूचे काका!" नत्थू इतक्या जोरात ओरडला, की वाचनालयातले पेपर वाचणारे आजोबा दचकले.

"हळू!" कांताताईंनी डोळे वटारले.

वर्ध्याच्या त्या लहानशा वाचनालयात कांताताई उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांचा लेखनवर्ग घेत. आज त्यांनी एक मोठा फोटो टेबलावर ठेवला होता. फोटो स्टुडिओवाल्या लक्ष्मणरावांनी गेल्या शनिवारी बसथांब्यावरची गर्दी टिपली होती. बायाबापड्या, टोपल्या, पोती, मध्येच हिंगणीला जाणारी एस.टी. आणि तिच्या मागच्या बाजूला पाठमोरे बबनकाका!

नलूने फोटो पाहिला. त्याच शनिवारी काकांच्या हातून बाबांची छत्री गेली होती.

बाबा, म्हणजे रूपराव, हिवाळ्यात वारले. तेव्हापासून नलूच्या आत जणू कापूस दाबून भरला होता. कोणी हसवलं तरी हसू येत नसे आणि कोणी जवळ घेतलं तरी रडू येत नसे. भूकसुद्धा लागत नसे. छत्री गेली हे कळलं तेव्हाही ती "बरं" एवढंच म्हणाली होती.

पण वर्गातल्याच तिच्या मैत्रिणीला, रंभाला, ते "बरं" म्हणून सोडून देता येत नव्हतं. बबनकाकांनी चारचौघांत तिच्या आईवर, मंदाबाईवर आळ घेतला होता. "माह्याजवळ तेच उभी होती. तिनंच नेली छत्री!" तेव्हापासून गल्लीतल्या बायका मंदाबाईची टोपली उतरवून घेईनात. भाजी संध्याकाळपर्यंत सुकून जाई.

"या फोटोतून गोष्ट लिहायची," कांताताई म्हणाल्या. "सांगणारी असेल एक हरवलेली छत्री."

नत्थूने लगेच लिहून वाचूनही दाखवलं, "मी छत्री बोलतेय! माझा जन्म एका कारखान्यात झाला. हाय रे दैवा!"

सगळे हसले. ताईही हसल्या. "अरे, ही छत्री कोणत्याही फोटोत चालेल! या फोटोतली कुठाय? आधी तिची जागा ठरवा. तिथून तिला काय दिसतं, काय ऐकू येतं, अंगाला काय लागतं, तेवढंच तिनं सांगायचं. पाठीमागचं तिला दिसत नाही, लोकांच्या मनातलं कळत नाही. आणि फोटो म्हणजे एकच क्षण. त्याच्या आधीचं आणि नंतरचं तुम्ही रचा, पण फोटोत आहे ते खोटं पाडायचं नाही."

"ताई, मला नाही जमणार," नलू म्हणाली. "छत्रीला वाईट वाटलं असं लिहावं लागेल. मला काही वाटतच नाही."

"मग तिला रडवू नकोस. तिला कळतं तेवढंच लिही. कोरडं असलं तरी चालेल."

हे मात्र नलूला जमण्यासारखं होतं. तिने काकांच्या आसपास शोधलं. सापडली! काकांच्या डोक्याजवळ एका लोखंडी दांड्याला वाकडी मूठ अडकली होती. मुठीवर बाबांनी चाकूने कोरलेला पांढरा 'रू' ताईंच्या भिंगातून पुसटसा दिसत होता.

ती लिहू लागली. 'मी मिटलेली आहे. मूठ वर, टोक खाली. आत्ताच एका हाताने मला सोडलं. त्या हाताला पोतं उचलायचं आहे. लोखंड तापलेलं आहे. माझ्यासमोर धुळीने भरलेला पत्रा आहे. बस निघून गेली. मी तिथेच राहिले.'

रंभा खांद्यावरून वाचत होती. "तिथंच म्हणजे कुठं?"

"थांब्याच्या कठड्यावर."

"कठडा तर इकडं डाव्या बाजूले आहे! आणि कठड्यावर टांगलं तर समोर पत्रा कसा दिसन?"

तिघांची डोकी फोटोवर आदळली. दांड्याच्या वर आणखी एक दांडा होता, त्याच्यावर आणखी एक.

"शिडी!" नत्थू किंचाळला. "टपावर सामान चढवायची एस.टी.ची शिडी!"

"काकांचे दोन्ही हात पोत्याले," रंभा म्हणाली. तिने फोटोवरून बोट पुढे सरकवलं. "आणि माय बघ! पार पुढच्या दाराशी. डोक्यावर टोपलं, दोन्ही हात टोपल्याले. ते काऊन घेईन छत्री?"

नलूने शेवटचं वाक्य खोडलं आणि लिहिलं, 'इंजिन सुरू झालं. लोखंड थरथरलं, मीही थरथरले. बस निघाली आणि मी तिच्याबरोबर निघाले.'

"पुढं?" नत्थूने विचारलं.

"छत्री आपल्या पायांनी जात नाही. कोणी हात लावेल किंवा धक्का बसेल तेव्हाच ती हलेल. काकांनी वाटेत सेलूला उतरून पोतं त्याच शिडीवरून काढलं. तेव्हा तिथे छत्री असती तर दिसलीच असती."

"म्हणजे सेलूच्या आधीच पडली! कुठं?"

"जिथे बस सगळ्यात जोरात आपटते तिथे."

"ओढ्याचा रपटा!" दोघं एकदमच ओरडले. रपट्याच्या, म्हणजे ओढ्यावरच्या ठेंगण्या पुलाच्या, फरशा उखडल्या होत्या. तिथे बसमधल्या माणसांचीसुद्धा डोकी छताला लागत.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिघं सायकलींवरून निघाले. रपट्याच्या दोन्ही बाजूंना काही नव्हतं. पण खाली ओढ्याच्या वाळूत काकड्यांची वाडी होती आणि वेलांमध्ये एक काळी छत्री उघडी रोवलेली होती. तिच्या सावलीत एक तान्हं बाळ झोपलं होतं.

"ते छत्री कुठं भेटली, आजी?" रंभाने विचारलं.

"रस्त्यावर पडून होती, पोरी," वाडीवाल्या आनंदाबाई म्हणाल्या. "कोणी विचारत येईन म्हणून वाट पाहून राह्यली. तुमची हाय का?"

मुठीवर 'रू' होता. नलूने त्यावर बोट फिरवलं. काहीच वाटलं नाही. तिने बाळाकडे पाहिलं, डोक्याचा रुमाल सोडला आणि दोन काठ्यांवर ताणून बाळावर सावली केली. मगच छत्री मिटली.

"आता काकांना नेऊन दाखवू!" नत्थू म्हणाला.

"ते म्हणतील, चोरानं फेकून दिली असन," रंभा म्हणाली.

"मग त्यांनाच करून दाखवू दे," नलू म्हणाली आणि तिने बेत सांगितला.

शनिवारी थांब्यावर तीच गर्दी होती. भाजीवाल्यांमध्ये मंदाबाई खाली मान घालून उभी होती. तिघांनी कांताताईंना आणि लक्ष्मणरावांनाही बोलावून आणलं होतं. एस.टी. आली. काका पोतं घेऊन मागे धावले. नलूने त्यांच्या हातात एक छत्री दिली. "काका, ऊन फार आहे. घेऊन जा."

"आण!" काकांनी न बघताच छत्री घेतली, सवयीने शिडीला अडकवली, दोन्ही हातांनी पोतं वर दिलं आणि "चला, चला, जागा धरा!" करत थेट बसमध्ये जाऊन बसले!

"काका, छत्री कुठे आहे?" नत्थूने खिडकीतून विचारलं.

काकांनी काख चाचपली. सीटखाली पाहिलं. "अरे! आत्ता तर होती! कोणी नेली?"

"मागं या, म्हणजे दिसन!" रंभा ओरडली.

काका खाली उतरले. शिडीवर छत्री झुलत होती. त्यांनी ती काढली, मूठ पाहिली, 'रू' पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. लक्ष्मणरावांनी फोटो पुढे केला. कंडक्टरसुद्धा घंटी द्यायची विसरून हसत होता.

काका गर्दीतून वाट काढत मंदाबाईसमोर गेले. "बाई, चूक माही. चारचौघांत बोललो, आता चारचौघांतच सांगतो. तुम्ही चोर नाई. मीच भुलक्कड."

मंदाबाईने पदराने डोळे पुसले. "भाऊ, एवढं म्हणाले तेच लय झालं."

"पोरांनो, पोलीस खात्यात जा रे!" लक्ष्मणराव म्हणाले.

कांताताईंनी नलूचा खांदा दाबला. "तुझ्या छत्रीनं एक शब्दही उगाच सांगितला नाही. म्हणूनच ती खरं सांगू शकली. शाबास!"

आजूबाजूच्या बायांनी मंदाबाईच्या टोपलीला हात लावला, एकीने कोथिंबिरीची जुडी उचलली, दुसरीने वांगी. नलू छत्री धरून उभी होती. सगळे तिच्याकडे बघत होते. ती मात्र टोपलीतल्या कोवळ्या काकड्यांकडे बघत होती. मंदाबाईच्या ते लक्षात आलं. तिने एक काकडी मोडली, मीठ लावलं आणि अर्धी नलूच्या हातात ठेवली.

नलूने ती कचाकचा चावून संपवली.

"मावशी," ती म्हणाली, "अजून एक देता का? मला भूक लागली आहे."