शब्द कळले नाहीत, पण…

चष्म्याची काडी निखळली म्हणून सुतार चष्म्यांच्या दुकानात शिरला. काउंटरमागच्या तरुणीने नवा स्क्रू बसवला, चष्मा त्याच्या कानांवर चढवला.

"आता नीट दिसतंय?"

"हो… छान दिसतंय," तिच्याकडे बघत तो म्हणाला.

ती हसली नाही. पुढच्या शनिवारी तो पुन्हा आला, तेव्हा स्क्रू मुद्दाम सैल केलाय हे तिने लगेच ओळखलं. तरी तिने तो घट्ट करून दिला.

पाच महिने गेले. त्याची मातृभाषा वेगळी होती. आईशी फोनवर तो त्याच भाषेत बोले आणि हिच्याशी हिच्या भाषेत, अडखळत. एका दुपारी तो तिच्या स्वयंपाकघरात फळी ठोकत होता. स्टुलावरून उतरला, तिच्या केसांतला भुसा टिपला आणि स्वतःच्या भाषेत तीन शब्द बोलला. कान लाल.

'मीसुद्धा' हा शब्द तिच्या ओठांवर आलाच होता. पण कशाला मीसुद्धा? हसून टाळलं असतं तर त्याला लागलं असतं. फोनमध्ये अर्थ शोधायचा, तर त्याच्याकडे पाठ फिरवल्यासारखं झालं असतं. तिने हातातले खिळे ओट्यावर ठेवले.

"हे मनापासून बोललास, एवढं कळलं. बरं वाटलं. शब्द मात्र नाही कळले… आणि अंदाजाने उत्तर द्यायचं नाहीये मला. सावकाश म्हण ना पुन्हा. तुमच्याकडे हे कोण कुणाला म्हणतं?"

त्याने पुन्हा म्हटलं. "शब्दशः धरलं तर 'तुझा शीण मला येऊ दे'. बाबा कामावरून आले की आई म्हणायची. लग्नाचं वचन नाही ते. पण उगाच कुणालाही म्हणत नाहीत."

"आधी कुणाला म्हणाला होतास?"

"एकदा. ती 'सेम टू यू' म्हणाली. तिची चूक नव्हती… मीच अर्थ सांगितला नाही."

"मग उत्तर काय देतात? हेच परत म्हणायचं?"

"नाही. 'निम्माच' म्हणतात. अर्धा तू घे, अर्धा माझ्याकडे राहू दे. पण ते जन्मभर एकत्र राहायचं ठरवलेली माणसं म्हणतात. तू म्हणायलाच हवं असं नाही."



"मग आज नाही म्हणत. खोटं होईल," ती म्हणाली. त्याने मान हलवली आणि नजर खाली वळवली.

"ऐक तरी पुढचं. माझ्या भाषेत जे खरं आहे ते सांगते… तू मला आवडतोस. खूप. शनिवारी गिऱ्हाईक समोर असलं तरी माझं लक्ष दाराकडे असतं."

त्याने चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला.

"आणि याला… तुमच्याकडे काय उत्तर देतात?"

"उत्तर नाही देत," ती म्हणाली. "जवळ येतात."