अठराव्या ओळीतली पोरगी

ही गोष्ट खरी आहे. मी स्वतः तिथं होते, म्हणून सांगते. पटणं न पटणं तुमच्यावर.

सोमवार, ८ एप्रिल २०२४. अमावास्या. बेळगावात वडगावच्या बाजूला असलेली एक खासगी मराठी शाळा. नाव सांगत नाही.

वेळ भर दुपारची, तीनची.

माझी मोठी बहीण तारामती तिथं आठवीची वर्गशिक्षिका होती. मी निशा, निपाणीत कॉम्प्युटर क्लास चालवते. दुसऱ्या दिवशी पाडवा, आणि तिसऱ्या दिवशी निकाल. आक्काचा फोन आला, "निशा, निकालपत्रकात काहीतरी गोंधळ झालाय. येतीस काय गं?"

मी बसनं पोचले. शाळा रिकामी. लाइट गेलेली. आजूबाजूचे सगळे यंत्रमाग बंद. एरवी तिथं त्या खडखडाटात बोलणं ऐकू येत नाही. त्या दिवशी भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती.

आक्का स्टाफरूममध्ये एकटी बसली होती. बॅटरीवर चालू असलेला लॅपटॉप, बाजूला कॅल्क्युलेटर.

"बघ," ती म्हणाली. "सहा विषय, सहाशे गुण. सगळ्या बेरजा मी हातानं दोनदा तपासल्या. एक पण चूक न्हाय. सगळ्यात जास्त प्रणालीला, ५४८. आणि तिचा नंबर बघ."

मी बघितलं.

दुसरा.

प्रणालीच्या खाली दोन मुलांना ५४१. दोघांचा नंबर तिसरा, आणि त्यांच्या पुढच्याचा थेट पाचवा. सारखे गुण असले की असंच होतं, त्यात चूक नाही. पण पूर्ण यादी एका नंबरानं खाली सरकली होती.

पहिला नंबर कुणाचाच नव्हता...

मला वाटलं, एक्सेलमधलं सूत्र चुकलं असेल. नंबर काढायच्या सूत्रात बेरजांचा रकाना कुठून कुठपर्यंत धरायचा ते द्यावं लागतं. त्याला डॉलरचं चिन्ह लावलं नाही, तर सूत्र खाली ओढताना तो पट्टाही खाली सरकतो आणि प्रत्येक मुलाची तुलना फक्त त्याच्या खालच्यांशी होते. मी बघितलं. डॉलर होते. दुसऱ्या ओळीपासून चाळिसाव्या ओळीपर्यंत.

म्हणजे एकोणचाळीस मुलं.

"आक्का, वर्गात किती?"

"अडतीस."

मी डावीकडचे ओळींचे आकडे मोजत गेले. पंधरा, सोळा, सतरा...

एकोणीस.

"अठरावी ओळ लपवलीय कुणीतरी."

आक्का हळू आवाजात म्हणाली, "मीच. जानेवारीत. वर्गातली भाग्यलक्ष्मी वारली तवा. नावं जूनलाच भरून ठेवलती, पुसून टाकायला हात धजला न्हाय गं."

लपवलेली ओळ दिसत नाही, पण सूत्र तिला मोजतं. हे खरं. तरीही हिशोब बसत नव्हता. वार्षिक परीक्षा मार्चमध्ये झाली. मेलेल्या मुलीचे गुण कुठून येणार? रकाने रिकामे, म्हणजे बेरीज शून्य. शून्य सगळ्यात तळाला जातं. ते वरच्या कुणाला ढकलत नाही.

मी ती ओळ उघडली.

भाग्यलक्ष्मी.
९२, ९५, ९०, ९७, ९४, ९३.
बेरीज ५६१. नंबर १.

"हे तू भरलंस?"

"न्हाय..." आक्का पुढं वाकून स्क्रीन बघायला लागली. "लॅपटॉप माझा. पासवर्ड माझा. मी न्हाय भरलं, निशा."

मी सहाही आकडे पुसले. बेरीज शून्य झाली. प्रणाली पहिली आली, बाकीचे एकेक वर सरकले.

आणि तेवढ्यात...

खट्... खटाक्... खट्...

बाहेर एक माग सुरू झाला.

एकच.

मी वर बघितलं. पंखा थांबलेलाच होता. बटण चालू, पण लाइट नव्हती.

खटाक्... खट्...

परत स्क्रीनकडे बघितलं. ९२, ९५, ९०... सगळे आकडे जागेवर.

नंबर १.

मी आक्काचा हात धरला. "चल, जाऊया."

ती उठली नाही. रडायला लागली.

"मला म्हाईत हाय ती का आलीय."

मग तिनं सांगितलं. सहामाहीत भाग्यलक्ष्मीला ५३३ आणि प्रणालीला ५२९ होते. प्रणाली म्हणजे संस्थेच्या अध्यक्षांची नात. हेडमास्तर नागराज सरांनी आक्काला बोलावून सांगितलं, बेरजेला हात लावू नका, नुसते नंबर बदला. बेरीज कोण बघतंय? आक्कानं नंबराच्या घरात असलेल्या सूत्रावरच आकडा टाइप केला. एकीच्या पुढं १, दुसरीच्या पुढं २. असं केलं की सूत्र जातं आणि टाइप केलेला आकडा तसाच राहतो, बेरीज काहीही असो.

पण बेरीज एका पोरीनं बघितली.

"दुसऱ्या दिवशी वही घेऊन आलती. म्हणाली, टीचर, माझी बेरीज प्रणालीपेक्षा चार गुणांनी जास्त हाय. मग नंबर दुसरा कसा?"

"तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, नंबर कॉम्प्युटर काढतोय. कॉम्प्युटर चुकत न्हाय. जा, जागेवर बस."

बाहेर माग चालूच होता.

आक्कानं डोळे पुसले. सहामाहीची फाईल उघडली. ते टाइप केलेले दोन्ही आकडे पुसले, वरच्या घरातलं सूत्र ओढून तिथं आणलं.

भाग्यलक्ष्मी, १. प्रणाली, २.

माग थांबला.

एकदम...

वार्षिकच्या फाईलीत अठरावी ओळ रिकामी झाली होती. मी कशालाही हात लावला नव्हता.

पाडवा झाल्यावर आक्का सहामाहीचं दुरुस्त पत्रक घेऊन नागराज सरांकडं गेली. त्यांनी ते नीट वाचलंसुद्धा नाही. म्हणाले, "टीचर, मेलेल्या पोरीला नंबर देऊन कुणाचं भलं होणार हाय?" निकालाच्या कार्यक्रमात वर्षभरातल्या आदर्श विद्यार्थिनीचं बक्षीस प्रणालीलाच मिळालं. टाळ्या वाजल्या. आक्कानं तिथल्या तिथं राजीनामा लिहिला, आणि सरांनी तो मात्र नीट वाचून घेतला.

त्या संध्याकाळी आम्ही दोघी ते पत्रक घेऊन भाग्यलक्ष्मीच्या घरी गेलो. घर म्हणजे दोन माग आणि उरलेल्या जागेत संसार. तिची आई जयाबाई मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसली होती. आक्कानं तिला सगळं सांगितलं. काही लपवलं नाही.

जयाबाईनं कागद हातात घेतला.

"मला वाचायला येत न्हाय, टीचर. कुठं हाय तिचं नाव?"

आक्कानं बोट ठेवलं.

जयाबाईनं त्या नावावरनं अंगठा फिरवला. ओरडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. साध्या आवाजात म्हणाली,

"तिच्या बाऽनं कबूल केलतं. सहामाहीला पयला नंबर आला तर पोरगीला मागावर बसवणार न्हाय, शाळाच शिकवणार. दुसरा आला. म्हणून दिवाळीपासनं शाळा सुटली की बसायची. संक्रांतीच्या आदल्या दिवशी मागाचाच शॉक लागला तिला."

आक्का खाली बसली.

आक्काला वाटायचं पोरगी तापानं गेली. शाळेत तसंच सांगितलं होतं.

जयाबाईनं कागदाची घडी करून आक्काच्या मांडीवर ठेवली.

"तुमच्याकडंच असू दे. तिच्या बाऽला हे कळलं तर त्यो जगायचा न्हाय."

तो कागद अजून आक्काच्या कपाटात आहे. आक्का आता कुठंच शिकवत नाही. मी मात्र रोज पोरांना तीच सूत्रं शिकवते. अठराव्या ओळीत ते आकडे कुणी भरले, याचं उत्तर माझ्याकडं नाही. पण मला भीती त्याची वाटत नाही, सूत्रावर आकडा टाइप करणाऱ्या हातांची वाटते.

मागच्या महिन्यात आक्का भात कालवता कालवता मध्येच थांबली आणि म्हणाली, "निशा, ती रागावून आली असती तर बरं झालं असतं गं. तिनं नुसता वार्षिकचा पेपर लिहिला, नंबर मिळवायला."

मी घास तसाच ताटात ठेवला.